क्रिएटिनचा डबा आणि अण्णांची वही

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे. चार महिन्यांपासून जिमला जातात. ट्रेनरच्या सांगण्यावरून स्नायूंची ताकद वाढावी म्हणून रोज क्रिएटिनची पावडर घेतात. परवाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं. घरात सगळे घाबरलेत. किडनी खराब झाली का? पावडर कायमची बंद करावी का?

उत्तर:

पावडर आज थांबवा, पण किडनी गेली असं धरून रडारड करू नका. नुसत्या १.४ वरून काहीच ठरत नाही. काय ठरतं आणि कसं, ते एका पेशंटच्या गोष्टीतून सांगतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे हेच प्रकरण आलं होतं आणि पेशंटनं माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले होते. ओळख पटू नये म्हणून चार तपशील बदललेत.

त्यांना आपण अण्णा म्हणू. परभणीचे. बँकेत पस्तीस वर्षं क्लार्क, त्यातली निम्मी खतावणीवर. बॅलन्सिंगला एक रुपयाचा फरक आला तर रात्री दहापर्यंत बसून व्हाउचर उलटणारा माणूस. गळ्यात माळ. तक्रार एकच: मंदिरात भजनाला मांडी घालून बसलं की उठताना शेजारच्याचा खांदा धरावा लागतो. एकदा शेजारी कोणी नव्हतं, तर खांबापर्यंत सरकत गेले आणि खांबाला धरून उठले. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती, नातवानं बघितली होती.

नातू इंजिनिअरिंगला, सुट्टीत घरी आलेला. त्यानं आजोबांना खुर्चीवर बसवलं, हात छातीशी बांधायला लावले आणि पाच वेळा उठा-बसायला सांगून मोबाइलवर वेळ लावली. सतरा सेकंद. ही चाचणी आम्हीही करतो. आशियाई लोकांसाठीचा निकष असा की पाच उठाबशांना बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी समजायची. अण्णांनी वहीत लिहिलं: "५ उठबस, १७ से." त्या दिवसापासून त्यांची व्यायामाची वही सुरू झाली.

जानेवारीत दोघं जिमला जाऊ लागले, आठवड्यातून तीनदा. पोरानं काम चांगलं केलं होतं, हे मान्य करायला हवं. पहिले पंधरा दिवस फक्त खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप आणि हलकं पुलडाऊन. मग छातीशी चार किलोचा डंबेल धरून स्क्वॉट. बी.पी.चा माणूस म्हणून एक नियम: वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उठताना तोंडानं सोडायचा. दर आठवड्याला एका सेटमधलं एखादं आवर्तन वाढवायचं, बारा नीट झाली की वजन वाढवायचं. हे सगळं वहीत.

फेब्रुवारीत नातवानं क्रिएटिनचा डबा आणला आणि अण्णांची चौकशी सुरू झाली.

पहिला प्रश्न अर्थातच माळेचा. "हे कशापासून बनवतात? मटणात असतं म्हणतात ना?" असतं. १८३२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यानं ते पहिल्यांदा मांसातूनच वेगळं काढलं, नावही मांसाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. पण बाजारातली पावडर कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनवतात, तिच्यात प्राण्याचा अंश नसतो. कॅप्सूल मात्र बघून घ्यावी, तिचं वेष्टण जिलेटिनचं असू शकतं. डब्यावरचा हिरवा ठिपका बघून अण्णांचं समाधान झालं. गंमत अशी की माळकऱ्यालाच याचा फरक जास्त जाणवू शकतो. आपलं लिव्हर आणि किडनी थोडं क्रिएटिन रोज स्वतः बनवतात, बाकीचं मांस-मासळीतून येतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा म्हणून मुळातच कमी असतो आणि भरायला जागा जास्त असते.

दुसरा प्रश्न मापाचा. नातवानं कुठल्याशा रीलमध्ये बघितलं होतं की पहिला आठवडा रोज वीस ग्रॅम घ्यायचं, म्हणजे 'लोडिंग'. अण्णांना तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. वजन मात्र सव्वा किलोनं वाढलं. नातू खूश, आजोबा संशयी. "तीन दिवसांत सव्वा किलो मांस चढतं का रे? सोयाबीनच्या पोत्यात पाणी मारल्यावर चढतं तसं वाटतंय मला." अण्णांचं बरोबर होतं. क्रिएटिन स्नायूत शिरताना सोबत पाणी ओढून नेतं, पहिल्या दिवसांत वाढणारं वजन मुख्यतः तेच.

मला विचारलं असतं तर मी लोडिंग करू दिलं नसतं. रोज तीन ग्रॅम घेतलं तरी चार आठवड्यांत स्नायू तेवढाच भरतो. घाई आहे कोणाला? शिवाय अण्णांच्या प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं होतं. त्यावर जुलाब म्हणजे अंगातलं पाणी दोन्हीकडून जाणार.

जुलाब थांबल्यावर अण्णांनी डब्यातला चमचा उचलला आणि ओळखीच्या सराफाच्या दुकानात जाऊन काट्यावर ठेवला. डब्यावर लिहिलेलं: एक चमचा, ५ ग्रॅम. सैल भरला तर ३.९ भरला, दाबून भरला तर ५.६. हे मला त्यांनी वही उघडून दाखवलं. मी इतकी वर्षं 'एक चमचा' लिहून देतो, पण चमचा काट्यावर ठेवायचं कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी सपाट चमचा पाऊण भरायचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम, असं ठरवलं. कोमट पाण्यात नीट विरघळतं. गार पाण्यात तळाला रवाळ राहतं आणि तेवढं औषध ग्लासातच जातं.

आता एप्रिल. परभणीचा पारा बेचाळिसाच्या वर. पेन्शनर मंडळींच्या एका तपासणी शिबिरात अण्णांनी रक्त दिलं. क्रिएटिनिन १.४, पुढे ठळक अक्षरात 'जास्त', खाली ईजीएफआर ५५. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा तो अंदाज असतो. तिथल्या कोणीतरी साठच्या खाली म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी, असं सांगून टाकलं. घरात सुतक. सुनेनं डबा कचऱ्यात टाकला, नातवानं रात्री काढून आणला, आणि दुसऱ्या दिवशी तिघं माझ्यासमोर. अण्णांच्या हातात वही.

"डॉक्टर, एक सांगा," ते म्हणाले. "मी घेतो ते क्रिएटिन आणि रिपोर्टात आलंय ते क्रिएटिनिन, ही दोन खाती आहेत की एकच?"

मुद्द्याचा प्रश्न हाच होता. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, जवळजवळ सगळं स्नायूंत. त्यातलं दोन टक्क्यांच्या आत-बाहेर रोज आपोआप मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन बनतं. तो निव्वळ कचरा, किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंदावली की हा कचरा रक्तात साचतो, म्हणून आपण तो मोजतो. पण साठाच वाढवला तर किडनी ठणठणीत असूनही कचरा जास्त तयार होतो आणि रक्तातला आकडा थोडा चढतो. ईजीएफआर प्रयोगशाळा स्वतंत्र मोजत नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून सूत्रानं काढते. क्रिएटिनिन चढलं की ते उतरणारच. तुम्ही पावडर घेता हे त्या सूत्राला कळत नाही.

अण्णांनी चष्मा वर केला. "म्हणजे काउंटरला भरणा वाढलाय. कॅशियर झोपला असंच काही नाही."

"झोपलाय की नाही ते आत जाऊन बघावं लागेल," मी म्हणालो.

इथं बरेच जण घसरतात. पावडरच्या बाजूचे म्हणतात क्रिएटिनमुळे आकडा वाढतोच, सोडून द्या. तसं सोडून द्यायचं नसतं, कारण पावडर घेणाऱ्या माणसाचीही किडनी वेगळ्या कारणानं बिघडलेली असू शकते आणि मग पावडर नुसतं निमित्त पुरवते. मी तीन गोष्टी केल्या.

आधी जुना रिपोर्ट मागितला. अण्णांकडे असणारच होता: दिवाळीतला, क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ७४. मग दोन तपासण्या लिहिल्या. एक सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. किडनीची जाळी फाटायला लागली की प्रथिन लघवीत झिरपतं. हे प्रमाण तीसच्या खाली हवं, अण्णांचं १२ आलं. दुसरी सिस्टॅटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या सगळ्याच पेशी बनवतात, स्नायूंच्या वस्तुमानाशी त्याचा फारसा संबंध नाही आणि क्रिएटिनच्या पावडरशी तर नाहीच. किडनी मंदावली तर हेही चढतं. छोट्या गावात नमुना घेऊन बाहेर पाठवतात, चार दिवस लागतात. अण्णांचं ०.९५ आलं, त्यावरून काढलेला ईजीएफआर ८१. थायरॉइडचा त्रास असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर मात्र सिस्टॅटिनही फसवतं, म्हणून तेवढं विचारून घ्यावं लागतं.

म्हणजे गाळणी चालू होती. पण माझं तिसरं काम राहिलं होतं, चौकशीचं. रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी काय केलं? वहीत होतं: पायांचा व्यायाम, दहा किलोचा स्क्वॉट, तीन सेट. जोरदार व्यायामानंतर क्रिएटिनिन एक-दोन दिवस थोडं वर राहू शकतं. पाणी किती? शिबिरात उपाशीपोटी रांगेत साडेअकरापर्यंत उभे, बाहेर ऊन, पोटात घोटभर चहा. औषधं कोणती? "प्रेशरची एक. आणि हे क्रिएटिन."

"आणि ती गुडघ्याची?" नातू म्हणाला.

अण्णा गप्प. मग म्हणाले, "ती काय औषध आहे का? मेडिकलवरून आणतो. दुखलं तर घेतो."

डायक्लोफेनॅक होती. किती वेळा? हे वहीत नव्हतं. नातवाच्या अंदाजानं व्यायामाच्या प्रत्येक दिवशी एक, म्हणजे आठवड्याला तीन, जानेवारीपासून. ज्या माणसानं पावडर कशापासून बनते हे विचारलं, चमचा सराफाच्या काट्यावर नेला, त्यानं या गोळीला एकही प्रश्न विचारला नव्हता. कारण ती घरात वीस वर्षं होती, ड्रॉवरमध्ये, सुतळी आणि टॉर्चच्या शेजारी.

मला त्या टेबलावरची खरी भीती वाटली ती याची. किडनीच्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. अंगात पाणी कमी पडलं की शरीर आतली नळी रुंद ठेवतं आणि बाहेरची आवळतं, म्हणजे गाळणीवरचा दाब टिकतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आतली नळी रुंद राहू देत नाहीत. अण्णांच्या प्रेशरच्या गोळीतलं टेल्मिसार्टन बाहेरची नळी आवळू देत नाही. त्याच गोळीतलं दुसरं औषध लघवीवाटे पाणी घालवतं. तिन्ही एकत्र आणि वरून परभणीचा एप्रिल. अशा जोडीनं धडधाकट म्हातारी माणसं जुलाब-उलटीच्या एका दिवसात डायलिसिसपर्यंत गेलेली मी बघितली आहेत. फेब्रुवारीत लोडिंगच्या जुलाबात अण्णा निभावले, ते नशीब.

प्रेशरची गोळी वाईट असा याचा अर्थ नाही. ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. बंद करायची होती गुडघ्याची. तिच्या जागी गरज पडली तर साधी पॅरासिटामॉल आणि दुखऱ्या जागी चोळायचा मलम एवढंच ठेवलं. क्रिएटिनही थांबवलं. रक्त पाच आठवड्यांनी पुन्हा, आणि त्याआधी दोन दिवस जड व्यायाम नाही. स्नायूंतला जादा साठा ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत पुन्हा तपासलं तर आकडा अर्धवट उतरलेला दिसतो आणि गोंधळ वाढतो.

मेअखेर क्रिएटिनिन १.१. दिवाळीत होतं तेवढंच.

अण्णांचा हिशेब अजून जुळला नव्हता. "तीन दशांश उतरले. त्यातले पावडरचे किती, गोळीचे किती, उन्हाचे किती?" मी म्हटलं, सगळं एकदम बदललं, आता वाटणी करता येणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. सस्पेन्स खात्यात रक्कम ठेवल्यासारखं वाटतं, म्हणाले. मग त्यांनीच सुचवलं: गुडघ्याची गोळी बंदच राहू दे, पाणी नीट, फक्त पावडर पुन्हा सुरू करू आणि बघू. मला हरकत नव्हती, कारण सिस्टॅटिन आणि लघवी दोन्ही स्वच्छ होते. रोज तीन ग्रॅम, सहा आठवडे. क्रिएटिनिन १.२. म्हणजे पावडरचा वाटा एक दशांशाच्या आसपास असावा. प्रयोगशाळेच्या मोजण्यातही थोडी चूक असते, तेव्हा याहून बारीक बोलण्यात अर्थ नाही.

पण अण्णांचा सगळ्यात चांगला प्रश्न याच्या नंतरचा. किडनीचं भांडण मिटल्यावर त्यांनी वहीचं एक पान माझ्यासमोर सरकवलं. पाच उठाबशांची वेळ: जानेवारीत १७, एप्रिलच्या मध्यावर १३, मेअखेर १२. "पावडर बंद होती त्या पाच आठवड्यांतही वेळ कमीच झालीय. मग हिचा उपयोग काय?"

उपयोग आहे, पण डब्यावरच्या चित्राएवढा नाही. वयस्कर लोकांवरच्या बावीस प्रयोगांचे आकडे २०१७ साली एकत्र तपासले गेले. व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरासरी १.४ किलोच्या आसपास जास्त वाढलं, छाती आणि पायांची ताकदही थोडी जास्त. त्या वाढीत पाण्याचाही वाटा असतो. व्यायाम न करता नुसती पावडर घेतली तर म्हाताऱ्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. हाडं मजबूत होतात असंही सांगतात. पाळी गेलेल्या बायकांवर दोन वर्षांचा मोठा प्रयोग झाला, त्यात हाडांची घनता काही वाढली नाही. अण्णांना एकट्याच्या वहीवरून पावडरचा परिणाम वेगळा काढता येणार नव्हता आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. सतराचे बारा सेकंद झाले त्याचं मुख्य श्रेय स्क्वॉटला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. त्यांचा वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट शोधा. तेव्हाही १.३-१.४ असेल तर ही गोष्ट पावडरच्या आधीची आहे आणि पावडर विसरून किडनीच्या डॉक्टरांना भेटायचं. तेव्हा १.० असेल तर वर सांगितलेल्या दोन तपासण्या करा, पावडर पाच आठवडे बंद ठेवा, मग पुन्हा रक्त. लघवीत प्रथिन निघालं, सिस्टॅटिन वाढलेलं आलं, किंवा पावडर बंद करूनही आकडा उतरला नाही, तर पावडर कायमची बंद. आधीपासून किडनीचा आजार असेल किंवा एकच किडनी असेल तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करायची नाही. पायावर सूज, लघवी कमी होणं, फेसाळ लघवी, सतत मळमळ यातलं काही असेल तर पाच आठवडे थांबू नका, उद्याच दाखवा.

आणि ड्रॉवर उघडा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. मलम, काढा, गुडघ्याचं चूर्ण, सगळं. "औषधं कोणती चालू आहेत?" या प्रश्नाला आपली माणसं फक्त चिठ्ठीवरची औषधं सांगतात.

एक उलटी बाजूही सांगून ठेवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं म्हणून हडकुळ्या, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं ०.९ बघून "किडनी एकदम छान" म्हणणं हीसुद्धा चूक ठरू शकते. तिच्या अंगात कचरा तयार करणारं मांसच उरलेलं नसतं. तिथंही सिस्टॅटिन सी कामाला येतं.

अण्णा परवा आले होते, प्रेशर तपासायला. पाच उठाबशांना आता अकरा सेकंद. मंदिरात उठताना एक हात जमिनीला टेकतात, खांदा कोणाचा धरत नाहीत. क्रिएटिन चालू आहे का, विचारलं.

"चालू आहे," म्हणाले. "डब्याचे पैसे दिलेत. संपला की नवा आणणार नाही, असं नातवाला सांगितलंय." मग वहीत बघून म्हणाले, "अजून ४१ चमचे आहेत. सपाट."